दहावीनंतरची शाखा : पात्रतेपासून मागे येत निर्णय कसा घ्यावा

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचा अर्ज भरेपर्यंत हाताशी फार थोडे दिवस असतात आणि त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही सल्ला देऊन जातो. आमच्या घरातून दोन मुले या टप्प्यातून गेली. एक अकरावीला गेले, दुसरे तंत्रनिकेतनात. त्या काळात जी माहिती आम्हांला तुकड्यातुकड्यांनी आणि बरीच उशिरा मिळाली, ती इथे क्रमाने मांडत आहे. हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला आहे, तरी सीबीएसई किंवा आयसीएसईच्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या चार पायऱ्या जवळपास तशाच लागू पडतील. कोणती शाखा श्रेष्ठ, हा प्रश्न मी घेतलेला नाही. कोणत्या निवडीने कोणता पुढचा अभ्यासक्रम खुला राहतो आणि कोणता बंद होतो, एवढाच प्रश्न घेतला आहे, कारण निर्णय बदलण्याची वेळ येते ती बहुधा याच माहितीच्या अभावी.

१. आधी शाखा लिहू नका, पुढचे अभ्यासक्रम लिहा

एक कोरा कागद घ्या आणि आज मनात असलेले तीन ते पाच पुढचे मार्ग लिहून काढा. ते पक्के असण्याची गरज नाही, परस्परांशी जुळण्याचीही गरज नाही. प्रत्येकासमोर एकच गोष्ट नोंदवा : त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी बारावीला कोणते विषय सक्तीचे आहेत? हे करताना बहुतेक मार्गांचे दोन गट पडतात आणि निर्णयाचा बराचसा गुंता तिथेच सुटतो.

पहिल्या गटात विशिष्ट विषयांची अट असलेले मार्ग येतात. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. वैद्यकीय, दंतवैद्यक आणि आयुर्वेदाच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवे आणि त्यांच्याबरोबर गणित किंवा जीवशास्त्र चालते. कृषी पदवीसाठीही विज्ञान शाखा लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु हवाईदल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक आहे.

दुसऱ्या गटात शाखेची अट नसलेले मार्ग येतात आणि हा गट लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, सनदी लेखापाल अर्थात सीए, कंपनी सचिव, हॉटेल व्यवस्थापन, डीएलएड ही शिक्षक होण्यासाठीची पदविका, ललित कलेची पदवी, डिझाइनची पदवी आणि व्यवस्थापनाच्या पदव्या कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना खुल्या आहेत. केंद्रीय आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवांच्या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी पुरते. म्हणजे एखाद्या मुलीला वकील, अधिकारी किंवा सीए व्हायचे असेल, तर ‘शाखा चुकली तर संधी गेली’ ही भीती तिच्या बाबतीत निराधार आहे. तिने शाखा निवडताना आवड, माध्यम आणि गुण यांकडे निर्धास्तपणे पाहावे.

२. प्रत्येक वाटेची खरी अट समजून घ्या

विज्ञान. ‘विज्ञान घेतले की सगळे दरवाजे उघडे राहतात’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेलच. कागदोपत्री ते बहुतांशी खरे आहे. बारावी विज्ञानानंतर कला किंवा वाणिज्याच्या पदवीला जाता येते, उलट दिशेने मात्र विज्ञानाकडे सहसा येता येत नाही. परंतु हे दरवाजे नुसत्या उत्तीर्ण होण्याने उघडत नाहीत. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पदवीसाठी खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत एकत्रित ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. एमबीबीएससाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात आणि खरी गुणवत्ता पुढे ‘नीट’वर ठरते. पस्तीस ते चाळीस टक्क्यांत अडकलेला विज्ञानाचा विद्यार्थी अभियांत्रिकीलाही जाऊ शकत नाही आणि कला किंवा वाणिज्याच्या चांगल्या महाविद्यालयांतही गुणांवर मागे पडतो. म्हणून विज्ञान ‘पर्याय खुले ठेवण्यासाठी’ घ्यायचे असेल, तर त्यात किमान साठ टक्के निभावतील का, हा प्रश्न आधी विचारावा. साठ हा आकडा कोणत्याही नियमातला नाही. प्रवेशपात्रतेच्या बऱ्यापैकी वर राहता यावे, म्हणून मी तो धरतो.

विज्ञानात शिरल्यावर दुसरी निवड विषयगटाची असते. गणित अवघड वाटते म्हणून ते सोडून जीवशास्त्राचा गट घेणारे पुष्कळ आहेत. त्या एका निर्णयाने अभियांत्रिकी, वास्तुकला आणि हवाईदल-नौदल हे तिन्ही मार्ग बंद होतात, आणि ‘नीट’मध्ये मनासारखे झाले नाही तर हाताशी उरणारे पर्याय कमी होतात. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात, पण अभ्यासाचा भार वाढतो. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा द्विलक्षी विषय, म्हणजे ज्याला सगळे बायफोकल म्हणतात तो, २०० गुणांचा असतो. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताबरोबर संगणकशास्त्र घेतले, की जीवशास्त्र आपोआप सुटते. ज्या घरात डॉक्टर होण्याचीही चर्चा चालू आहे, त्या घरात ही बाब प्रवेश घेण्याआधीच कळलेली असावी.

वाणिज्य. इथला निर्णायक प्रश्न गणिताचा आहे. अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म आणि वाणिज्य संघटन यांच्याबरोबर गणित व संख्याशास्त्र घ्यायचे की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एसपी, अशी निवड बहुतेक महाविद्यालयांत समोर येते. एसपीत गुण तुलनेने सहज मिळतात, असा समज असल्याने बरेच जण गणित सोडतात. बीकॉम, विधी किंवा बँकेच्या स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने त्यात कोणतेही दार बंद होत नाही. परंतु सीएच्या फाउंडेशन परीक्षेत व्यावसायिक गणित, तर्क व संख्याशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पदवीला बारावीचे गणित लागते. संख्याशास्त्र, विमागणित किंवा अर्थशास्त्राचे पुढचे शिक्षण मनात असेल, तर वाणिज्यात गणित ठेवावे. नसेल, तर एसपी घेण्यात कमीपणा नाही.

कला. कला शाखेची अडचण तिच्या अभ्यासक्रमात नाही. तिची निवड सर्वांत घाईने होते, ही खरी अडचण आहे. गुण कमी पडले म्हणून इथे आलेला विद्यार्थी महाविद्यालय देईल ते विषय घेतो, आणि मग मानसशास्त्र हवे असणारा तर्कशास्त्राच्या वर्गात बसतो. मानसशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि गणितही कला शाखेत घेता येते, पण प्रत्येक महाविद्यालयात हे सगळे विषय नसतात. म्हणून कलेसाठी महाविद्यालय निवडताना आधी विषयांची यादी मागावी आणि नंतर गुणांची मर्यादा पाहावी. नागरी सेवांच्या परीक्षांत इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था हे अभ्यासक्रमाचे मोठे भाग आहेत. त्या वाटेने जायचे असेल, तर पदवीपर्यंतची पाच वर्षे त्याच विषयांत घालवणे हा हिशेबी निर्णय ठरतो. पत्रकारिता, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, भाषांतर आणि मानसशास्त्रीय समुपदेशन या क्षेत्रांचा पायाही इथेच घातला जातो. मात्र समुपदेशनासारख्या क्षेत्रात पदवीनंतर थांबून चालत नाही, पदव्युत्तर शिक्षण लागते, हे घरच्यांनी आधीच गृहीत धरावे.

पदविका आणि आयटीआय. तंत्रनिकेतनातील अभियांत्रिकी पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते, तिचा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या वेगळ्या प्रक्रियेतून दहावीच्या गुणांवर होतो आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे व्यवसाय दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा आहे. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. या वाटांनी वैद्यकीय शिक्षणाकडे जाता येत नाही. ज्याला ते नकोच आहे, त्याला या अटीने काही फरक पडत नाही.

३. एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू

समजा, तालुक्याच्या गावातील एका मुलाला दहावीला ७१ टक्के आहेत. गणितात ६४, विज्ञानात ७३. शाळा मराठी माध्यमाची. घरातला पंखा, मोटार, मिक्सर तो स्वतः उघडून दुरुस्त करतो. ‘इंजिनिअर व्हायचे आहे’ असे तो म्हणतो, आणि घरची परिस्थिती अशी की पाच-सहा वर्षांत त्याच्या मिळकतीचा हातभार लागला तर हवा आहे.

त्याच्यासमोर विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत जाणाऱ्या तीन वाटा आहेत. अकरावी-बारावी विज्ञानाची दोन वर्षे आणि पदवीची चार, अशी पहिली वाट सहा वर्षांची. पदविकेची तीन वर्षे आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, अशी दुसरीही सहाच वर्षांची. तिसरी वाट आयटीआयची : इलेक्ट्रिशियनची दोन वर्षे, मग निकषांत बसल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन दोन वर्षे, आणि नंतर पदवीची तीन, म्हणजे एकूण सात. ‘पदविकेने वर्ष वाया जाते’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते या हिशेबात टिकत नाही.

खरा फरक मधल्या थांब्यांवर आहे. समजा, घरात काही अडचण आली आणि शिक्षण मध्येच थांबवावे लागले, तर प्रत्येक वाटेवर हातात काय उरते, ते पाहा. विज्ञानाच्या वाटेवर दोन वर्षांनी बारावीचे प्रमाणपत्र असते. त्यावर कोणतेही काम थेट मिळत नाही, पण कृषी, औषधनिर्माण, बीएस्सी, विधी अशा इतर शिक्षणाकडे वळता येते. पदविकेच्या वाटेवर तीन वर्षांनी कनिष्ठ अभियंत्याच्या पदांसाठीची शैक्षणिक पात्रता हाती येते. आयटीआयच्या वाटेवर दोनच वर्षांनी महावितरणच्या विद्युत सहायकासारख्या पदाची किंवा रेल्वेतील सहायक लोको पायलटच्या भरतीची शैक्षणिक पात्रता मिळते. पात्रता म्हणजे नोकरी नव्हे, भरती कधी निघेल आणि जागा किती असतील हे कोणाच्याच हातात नसते. तरीही ज्या घराला लवकर आधार हवा आहे, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

आता त्याच्या अडचणी. राज्यात अकरावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवले जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले सहा महिने भाषेशी झगडण्यात जातात, आणि नेमके त्याच काळात भौतिकशास्त्र व गणिताची पातळी एकदम वर चढते. पदविकेतही पहिल्या वर्षी उपयोजित गणित आणि इंग्रजी संज्ञा चुकत नाहीत. तिथे गणितापासून सुटका होते, हा गैरसमज आहे. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या थेट प्रवेशासाठी पदविकेचे गुण चांगले लागतात. आयटीआयमध्ये दिवसाचा बराच वेळ कार्यशाळेत उभे राहून काम करावे लागते आणि पदवीपर्यंत जायचे तर मध्ये दोन वेळा प्रवेशाची स्पर्धा असते.

या मुलाला गणिताचा अभ्यास वाढवण्याची तयारी असेल आणि अभियांत्रिकीखेरीज दुसरे काही नकोच असेल, तर पदविका त्याच्या परिस्थितीला जुळते. त्याच्या मनात कृषी किंवा औषधनिर्माणाचाही विचार असता, तर विज्ञान घेणे अधिक सयुक्तिक ठरले असते. आणि घराला दोन वर्षांतच आधार हवा असता, तर आयटीआय. मुलगा तोच, गुण तेच, तरी उत्तर तीन प्रकारे बदलते. म्हणूनच शेजारच्या घरातील निर्णय आपल्या घरात उचलून आणू नये.

४. निवड करण्याआधी अभ्यास प्रत्यक्ष चाखून पाहा

कलचाचणीचा उपयोग मर्यादित असतो. माझ्या मते त्याहून उपयोगी म्हणजे अकरावीची पुस्तके आधीच उघडणे. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध असतात, किंवा वरच्या वर्गातील कोणाकडून आठवडाभरासाठी मिळतात.

विज्ञानासाठी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील दुसरे प्रकरण घ्या, ते गणिती पद्धतींचे आहे. त्यातील सदिश राशींचा भाग वाचून दोन-तीन उदाहरणे सोडवा. ती पहिल्या झटक्यात सुटणार नाहीत आणि सुटावीत अशी अपेक्षाही नाही. तासभर अडून राहिल्यावर आणखी प्रयत्न करावासा वाटतो की पुस्तक मिटावेसे वाटते, तेवढे पाहा. वाणिज्यासाठी पुस्तपालनातील रोजकीर्दीचे प्रकरण घ्या आणि एखाद्या दुकानाच्या दहा व्यवहारांच्या नोंदी करून पाहा. त्यात नेमकेपणा आणि चिकाटी लागते, ती तुमच्या स्वभावात आहे का, हे लगेच कळते. कलेसाठी राज्यशास्त्राचे किंवा इतिहासाचे एक प्रकरण वाचून, पुस्तक बंद करून, त्यावर आपल्या शब्दांत दीड-दोन पाने लिहा. पदवीपर्यंत पुष्कळ लिहावे लागणार आहे, तेव्हा लिहिण्याचा कंटाळा असेल तर तो आत्ताच दिसू द्या.

पदविका किंवा आयटीआयचा विचार असेल, तर जवळच्या संस्थेत परवानगी घेऊन कार्यशाळा पाहून या आणि तेथील शिल्प निदेशकांशी बोला. यंत्रे चालू स्थितीत आहेत का, मागच्या तुकडीतील मुले कुठल्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीला गेली, हे दोन प्रश्न अवश्य विचारा.

५. कागदपत्रे निकालाआधीच जमवा

दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतर मिळतात. बाकीची कागदपत्रे मात्र आधी तयार करता येतात आणि उशीर होतो तो त्यांच्यातच.

- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि कायम सुरू राहील असा स्वतःचा मोबाइल क्रमांक.
- राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी चालू मुदतीचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र.
- आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज असल्यास त्याचे पात्रता प्रमाणपत्र.
- उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला. पदविका, आयटीआय आणि शिष्यवृत्त्यांसाठी ते लागण्याची शक्यता असते.
- खेळाडू, दिव्यांग, माजी सैनिकांचे पाल्य अशा विशेष आरक्षणासाठी संबंधित प्रमाणपत्र.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. अकरावी आणि पदविका या दोन्ही प्रक्रियांत अर्ज करता येतो, पण एका ठिकाणी प्रवेश निश्चित करून मूळ दाखला जमा केला, की दुसरीकडे जाताना तो प्रवेश रद्द करून दाखला परत मिळवावा लागतो आणि त्यात वेळ जातो. म्हणून कोणतीही मूळ प्रत देण्यापूर्वी तिच्या साक्षांकित प्रती आणि मोबाइलमध्ये स्वच्छ छायाचित्र ठेवा, आणि दुसऱ्या प्रक्रियेच्या यादीची तारीख आधी पाहून घ्या. बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक पदवीला जायचे असेल, तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करून टाका.

६. पसंतीक्रम भरताना

पूर्वी अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया मुंबई महानगर, पुणे-पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथेच होती. २०२५-२६ या वर्षापासून ती संपूर्ण राज्यात लागू झाली, त्यामुळे गावातील विद्यार्थ्यालाही आता हा अर्ज भरावा लागतो. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि गुण, तर दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतीक्रम असतात. पसंतीक्रम एक ते दहा देता येतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम पहिल्या पसंतीचा आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर केवळ नावाजलेले आहे म्हणून नव्हे, तर मिळाल्यास खरोखर रोज जाता येईल असेच महाविद्यालय लिहा. बसची वेळ, वसतिगृह आणि शुल्क या तिन्हींची चौकशी त्याआधी झालेली असावी. एकाच महाविद्यालयात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांकांनी दिसतात आणि त्यांच्या शुल्कात मोठी तफावत असते, तेव्हा नाव पाहून थांबू नका, शाखा, माध्यम आणि तुकडीचा प्रकारही वाचा.

अर्ज सायबर कॅफेतून भरून घेत असाल, तर तिथल्या माणसाचा मोबाइल क्रमांक अर्जात जाऊ देऊ नका. पुढच्या सर्व सूचना आणि परवलीचे शब्द त्याच क्रमांकावर येतात आणि ऐन यादीच्या दिवशी विद्यार्थी स्वतःच्या अर्जाबाहेर राहतो.

खासगी शिकवणी आणि महाविद्यालय यांचे एकत्रित पॅकेज घेण्याचा विचार असेल, तर प्रात्यक्षिके कुठे होतात आणि हजेरी कशी लागते, हे लेखी विचारा. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात आणि प्रयोगशाळेत न गेलेल्या मुलाला ते समजून मिळवता येत नाहीत.

७. निवड पटली नाही तर

अकरावीच्या पहिल्या सहामाहीत लक्षात आले, तर शाखा बदलण्याची विनंती महाविद्यालयाकडे करता येते. हव्या त्या शाखेत जागा रिकामी असली आणि शिक्षण विभागाने ठरवलेली मुदत संपलेली नसली, तर तो बदल होतो, म्हणून घटक चाचणीचे गुण हाती येताच बोलावे, वार्षिक परीक्षेपर्यंत थांबू नये. एका चाचणीत कमी गुण पडणे हे शाखा बदलण्याचे कारण नव्हे. पण सलग दोन-तीन महिने नियमित अभ्यास करूनही मूळ विषय उमगत नसेल आणि तो उघडण्याचीच भीती बसली असेल, तर विषयशिक्षकांशी बोलून निर्णय घ्यावा. बारावीनंतर विज्ञानातून कला, वाणिज्य, विधी किंवा व्यवस्थापनाकडे वळणे नियमाने सहज शक्य आहे. वाणिज्य किंवा कलेतून विज्ञानाच्या पदवीकडे जाण्याची शक्यता मात्र अगदी थोडी असते, त्यामुळे ज्याच्या कागदावर पहिल्या पायरीत विज्ञानाची अट असलेला एकही मार्ग आहे, त्याने तो मार्ग कायमचा सोडायचा आहे का, याचे उत्तर अर्जाच्या दुसऱ्या भागातील पसंतीक्रम कायम करण्यापूर्वी घरात बसून, स्पष्ट शब्दांत द्यावे.